वरचा डबा

जोतीराम मुकादम भांडायला आला तेव्हा पुतळा चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. लग्नाला पुरते चार महिने झाले नव्हते. नव्या सुनेने ओसरीवर डोकवायचं नाही, ही त्या घरची रीत. पण कुडाच्या भिंतीला कान असतात, आणि पुतळाला तर दोन चांगले धडधाकट होते.

जोतीराम तळोज्याच्या कारखान्यांत रंगकामाचे ठेके घ्यायचा. पुतळाचा नवरा वामन त्याच्या हाताखाली पाट्या रंगवायचा. खाडीकाठची भातखाचरं सरकारनं शहरासाठी घेतली, तेव्हा गावातल्या कुणी ट्रक चालवायला घेतला, कुणी वाळू उपसली, वामनने ब्रश धरला. अक्षर मोत्यासारखं होतं त्याचं. म्हणून तर पुतळाच्या बापाने मुलगी दिली, नाहीतर घरात दुसरं दाखवायला काही नव्हतं.

भांडण असं होतं. ॲसिडच्या टाकीपाशी लाल पाटी लावायची होती, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात 'धोका'. वामनने पाटी रंगवली, अक्षरं सुरेख काढली, पण पाटी होती हिरवी. संध्याकाळच्या अंधारात रंगवलेली पाटी सकाळी तशीच टांगली गेली. दुपारी दोन मजूर भाकरीची फडकी सोडून नेमके त्या टाकीच्या आडोशाला जेवायला बसले. त्यांना वाचता येत नव्हतं. लांबून हिरवी पाटी दिसली, त्यांना वाटलं इथं बसायला हरकत नाही. नशिबाने सेफ्टीवाल्या साहेबाने पाहिलं आणि उठवलं, म्हणून निभावलं.

"हिरवा म्हंजे या, बसा. लाल म्हंजे लांब ऱ्हा. हे पोराला पन कळतं," जोतीराम ओरडत होता. "तुझे डबे कुनी हलवले व्हते काय?"

पुतळाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. आदल्या दिवशी तिनेच हलवले होते. रंग मोठ्या ड्रममधून तुपाच्या रिकाम्या डब्यांत ओतून घरी यायचा. डब्यांवर नाव नाही, गाव नाही, बाहेरून सगळे सारखेच ओघळलेले. ते पडवीत एका ठरलेल्या ओळीत ठेवलेले असायचे. तिने पडवी सारवली, डबे उचलले आणि परत ठेवताना मोठे एकीकडे, लहान एकीकडे असे नीटनेटके लावले. नव्या सुनेचा हात दिसायला नको का घरात!

आता नवरा आत बोट दाखवणार, असं तिला वाटलं. तिने पदर सावरून ठेवला, रडायला लागलं तर हाताशी असावा म्हणून.

"नाय," वामन म्हणाला. "कुनी नाय हलवले. मीच घाईत व्हतो."

त्या आठवड्याची मजुरी गेली. वामन आत आला, भाकरी खाल्ली आणि पुतळाला एक शब्द बोलला नाही. ना रागाचा, ना दुसरा कुठला.

पुतळा दुसरीच्या पुढे शिकली नव्हती, पण एवढं तिला उमगलं की उघड्या डब्यातला हिरवा रंग ज्याला दिसतो तो माणूस घाईतसुद्धा त्याने लाल पाटी रंगवत नाही. दोन दिवसांनी तिने त्याला परसातल्या मिरच्या खुडून आणायला सांगितलं. नुसत्या पिकलेल्या, लाल. वामन गेला, झाडापाशी बराच वेळ वाकून उभा राहिला, एकेक मिरची बोटांनी दाबून बघत होता. आणल्या त्यात निम्म्या हिरव्या होत्या. तिने निम्म्या वाळत घातल्या, निम्म्यांचा ठेचा केला.

त्याच रात्री नवरा झोपल्यावर तिने पडवीत भिंतीला तीन फळ्या ठोकायला हव्यात असं ठरवलं, आणि सकाळी दिराकडून ठोकून घेतल्या. सगळ्यात वर लाल डबा, मधल्या फळीवर पिवळा, खाली हिरवा. शिवाय कामावर नेताना घोटाळा नको म्हणून लालच्या कडीला चिंधीची एक गाठ, पिवळ्याच्या कडीला दोन, हिरव्याची कडी मोकळी. निळा, काळा, पांढरा त्याला बरोबर कळायचे, ते कुठेही राहिले तरी चालत.

ठोकाठोकीने वामन उठला, तोंड धुतलं, फळ्यांपुढे उभा राहिला. वरचा डबा उचलला. चिंधी बोटाने चाचपली. पुतळाकडे एकदा बघितलं आणि सायकलला डबे अडकवून निघून गेला.

बास. चाळीस वर्षं त्यावर एवढंच बोलणं झालं.

असं नाही की वामन मुका होता. गावकीत बोलायचा, भजनात गायचा, सोसायट्या उभ्या राहिल्या तेव्हा बिल्डरशी घासाघीस करायचा. तळोज्यातल्या अय्युबसाहेबांशी तर त्याची तासंतास बैठक असे. हे तेच सेफ्टीवाले साहेब, ज्यांनी मजुरांना उठवलं होतं. मूळ रायगडातल्या किनाऱ्यावरचे, बोलायला मऊ. कुठल्या पाटीला कुठला रंग आणि का, हे त्यांनी वामनला शिकवलं. मनाई असेल किंवा आग विझवायचं सामान असेल तर लाल. जपून राहा म्हणायचं तर पिवळ्यावर काळं. टोपी घाला, चष्मा लावा असा हुकूम असेल तर निळा. बाहेर पडायची वाट किंवा औषधपेटी असेल तर हिरवा. वामन घरी येऊन हे सगळं पुतळाला सांगायचा. रंगांबद्दल सगळं सांगायचा. आपल्याला ते दिसत नाहीत, एवढं सोडून.

आणि पुतळा वाट बघायची. एकदा तरी म्हणेल, गो, तू फळ्या मारल्यास म्हनून माझं पोट चाललं. तिला काही शालजोडी नको होती. एक वाक्य हवं होतं. दर दिवाळीला वाटायचं या वेळी म्हणेल, आणि वामन म्हणायचा, करंजी जरा कडक झाली.

मुलं झाली, मोठी झाली. रूपेश पनवेलला राहायला गेला, निशिगंधा लग्न होऊन घणसोलीला गेली. कुडाचं घर जाऊन स्लॅबचं आलं. नव्या घराच्या बाल्कनीतही तीन फळ्या आल्याच. सून आली की विचारायची, आई, हे जुने डबे कशाला? पुतळा म्हणायची, असू दे, तुझं काय खातायत.

कारखान्यांत स्टिकरच्या छापील पाट्या आल्या तशी वामनची कामं आटली. शेवटी एकच उरलं. खांदेश्वर स्टेशनच्या अलीकडे जी शाळा आहे, तिच्या फाटकाची पाटी. पिवळ्यावर काळ्या अक्षरात 'शाळा आहे, सावकाश चला', भोवती लाल काठ. दर जूनला, शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी वामन ती पुन्हा रंगवायचा. पुतळा सोबत जायची, डबे द्यायला. वयामुळे त्याला वाकवत नाही, असं ती लोकांना सांगायची.

त्या शाळेतल्या वैदेहीबाईंनी मागच्या जानेवारीत, रस्ता सुरक्षा सप्ताहात, वामनला बोलावलं. ट्रॅफिकचे शहाजी हवालदार भाषण करणार होते, पण त्यांना कुठल्याशा बंदोबस्तावर पाठवलं. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही आयुष्यभर हेच काम केलंत. सिग्नलला आणि धोक्याच्या पाट्यांना हेच रंग का, एवढं दहा मिनिटं सांगा ना पोरांना."

वामन हरखला. सत्तरी उलटलेल्या माणसाला स्टेजवर बोलवलं तर तो हरखणारच. पण बाईंनी पुढे सांगितलं की रंगीत पुठ्ठे हातात धरून दाखवा, मुलांना मजा येईल. घरच्या फळ्या पुतळाने लावल्या होत्या. स्टेजवर फळ्या कोण लावणार? चाळीस वर्षं ज्याने तळोज्यातल्या अर्ध्या पाट्या रंगवल्या, त्याला शंभर पोरांसमोर लाल ओळखता आला नाही, तर त्याच्या नावाचं काय राहील?

ती नको म्हणाली असती. पण वामन वहीत भाषण लिहीत बसला होता, जीभ दातात धरून, पोरासारखा. तिला म्हणवलं नाही.

तिने पुठ्ठे स्वतः कापले. लाल, पिवळा, हिरवा, एकावर एक, लाल वर. लालच्या कोपऱ्याला भोक पाडून दोऱ्याची एक गाठ, पिवळ्याला दोन, हिरव्याला काही नाही. पिशवीत घालून वामनच्या हातात दिले. वामनने पिशवीत हात घालून दोरा चाचपला आणि मान हलवली.

शाळेच्या हॉलमध्ये पुतळाला शेवटच्या रांगेत खुर्ची मिळाली, कारण पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या आणि ती पाहुणी आहे असं कुणाला वाटलं नाही. बसते न बसते तोच तिला स्टेजवरचं टेबल दिसलं. वैदेहीबाईंनी मोठ्या हौसेने पुठ्ठे पिशवीतून काढून फुलासारखे मांडून ठेवले होते. हिरवा डावीकडे, पिवळा कुठेतरी, लाल पाण्याच्या तांब्याखाली. आणि बाईंच्या हातात कात्री. लोंबणारे दोरे बाईंना बरे दिसले नसतील. बाईंनी ते छान कापून टाकले होते.

पुतळाला पडवी आठवली, आणि मोठे एकीकडे, लहान एकीकडे लावलेले डबे. नीटनेटकं करणाऱ्याचा राग तरी कसा करायचा?

ती उठायला लागली, पण तोवर टाळ्या झाल्या आणि वामन बोलायला उभा राहिला. मधे शंभर पोरं मांडी घालून बसलेली.

सुरुवात छान झाली. वामन वहीत न बघता बोलला, घरी ओसरीवर बोलायचा तसा. म्हणाला, "पोरांनो, रस्त्यावरचे सिग्नल आधी रेल्वेचे होते. लई वर्सांपूर्वी विलायतेत रेल्वेवाले लाल म्हंजे थांब, हिरवा म्हंजे जपून आनि पांढरा म्हंजे जा, असा दिवा दावायचे. पन पांढरा दिवा तर कुठंपन असतो. कुनाच्या घरात, कुनाच्या खिडकीत. आनि लाल काच फुटून पडली का आतला दिवा पांढराच दिसनार. ड्रायव्हरला वाटनार, जा. मग पांढरा काढला, हिरव्याला जायला लावलं आनि पिवळ्याला जपायचं काम दिलं."

पोरं ऐकत होती. एका मुलाने विचारलं, थांबायला लालच का? वामन म्हणाला, एक तर आग लाल, रक्त लाल, माणूस पहिल्यापासून त्याला दबकतो. दुसरं म्हणजे उजेड लाटांनी चालतो आणि लाल उजेडाची लाट सगळ्यात लांब. हवेतली बारीक धूळ, धूर तिला फार विखरू शकत नाही, म्हणून ती पुढपर्यंत पोचते. "पन धुकं दाट असलं तर लालचं पन काय चालत नाय," त्याने अय्युबसाहेबांची ताकीद लगेच जोडली. "म्हनून धुक्यात गाडी हळू."

पिवळ्याचं सांगितलं, की आपल्या डोळ्याला पिवळा आणि पोपटी सगळ्यात झगझगीत दिसतात, त्यावर काळं काढलं की लांबून उठून दिसतं. म्हणून तुमच्या फाटकाची पाटी तशी.

आणि मग तो वहीतल्या त्या ओळीवर आला. पुतळाला ती ओळ पाठ होती.

"आता सांगा, ह्या रंगाला काय करायचं?" म्हणत त्याने टेबलाकडे हात नेला. सवयीने कोपरा चाचपला. दोरा नव्हता. दुसऱ्याचा चाचपला. तिथेही नव्हता. पुतळाने डोळे मिटले. मग त्याने एक पुठ्ठा उचलून वर धरला आणि म्हणाला, "लाल. थांबायचं."

पुठ्ठा हिरवा होता.

आधी एक पोरगी हसली, मग शंभर. वैदेहीबाई पुढे झाल्या, शू शू करायला लागल्या. पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी ओरडली, "आजोबा, तुम्ही मुद्दाम केलं ना? आमचं लक्ष आहे का बघायला?"

केवढी सोपी वाट होती ती. पुतळा मागे बसून मनात म्हणत होती, हो म्हना. हो म्हना आनि मोकळे व्हा. पोरं टाळ्या वाजवतील, कुणाला काही कळणार नाही, आणि घरी गेल्यावर सगळं होतं तसं राहील.

वामनने पुठ्ठा खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. चष्म्याचा त्यात काही दोष नव्हता.

"नाय," तो म्हणाला. "मुद्दाम नाय केला. मला लाल आनि हिरवा वेगळा दिसत नाय. जन्मापासून."

बाहेर रिक्षावाला सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होता, तो हॉलमध्ये ऐकू आला.

"लाल मला काळपट दिसतो. तुमच्यातल्या पन एखाद्याला दिसत असंल. पोरांमदे जास्ती असतं, पोरींमदे कमी. म्हनून सिग्नल बनवनाऱ्यांनी आमच्यासाठी दोन गोष्टी केल्या. एक, हिरव्या दिव्यात जरा निळा मिसळला. तो मला पांढुरका दिसतो, म्हंजे वेगळा वळखू येतो. दुसरी, जागा ठरवून दिली. लाल कायम वर. पिवळा मधे. हिरवा खाली. रंग नाय दिसला तरी जागा दिसते. आनि पाट्यांना आकार दिले. तीन कोनांची पाटी सावध करते, आठ कोनांची थांबवते, गोल पाटी हुकूम सोडते."

तो पाणी प्यायला. तांब्याखालचा लाल पुठ्ठा तसाच तिथे होता.

"माझ्या घरात पन एक सिग्नल हाय. वरच्या फळीवर लाल डबा, मधे पिवळा, खाली हिरवा. चाळीस वर्सं झाली. तो सिग्नल ज्या बाईनं लावला ती सिग्नलवाल्यांकडं कदी शिकायला गेली नव्हती. तिनं एकदा डबे हलवले व्हते आनि माझी मजुरी गेली व्हती. त्याच्यानंतर एक दिवस पन डबा जागेवरून हलला नाय. ती तिथं मागं बसली हाय. तिच्याकडं बघा आनि टाळ्या वाजवा. मला वाजवू नका, मी हिरवा दावला."

शंभर तोंडं मागे वळली. पुतळाला पदर हवा होता तेव्हा तो नेमका खुर्चीत अडकलेला.

म्हणजे त्याला माहीत होतं. डबे तिने हलवले हेही, आणि तिला कळलंय हेही. पहिल्या दिवसापासून.

टाळ्या संपल्यावर पाचवीतला सैफ नावाचा मुलगा सगळे गेले तरी रेंगाळत राहिला. मग वामनच्या जवळ येऊन हळूच म्हणाला की तो झाडाचं खोड आणि पानं एकाच खडूने रंगवतो आणि बाई ओरडतात. वैदेहीबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वामनने त्याला सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदा दाखव, आणि खडू पेटीत नेहमी एकाच जागी ठेव. मग पुतळाकडे बोट करून म्हणाला, बाकी काय अडलं तर हिला विचार.

घरी जाताना दोघं चालत निघाले. पुतळाला वाटलं आता वाटेत तरी हा काही बोलेल. शंभर पोरांना सांगितलं ते मला एकटीला सांगेल. सिग्नलपाशी आले. लाल होता. वामन थांबला, दिवा खाली उतरेपर्यंत उभा राहिला, मग म्हणाला, "चहा घेऊ का कुठं? घसा सुकला." तिने त्याच्या दंडाला धरून रस्ता ओलांडला. वाट बघायची सवय एकदम कशी सुटेल? तिला हसू आलं, आणि हसता हसता चहा तिने जरा जास्तच गोड करून मागितला.

पुढच्या आषाढात वामन गेला. झोपेतच. आता पुतळा बाल्कनीत बसते आणि फळ्यांकडे बघते. रंग वाळून दगड झाले आहेत, चिंध्या विटल्या आहेत. सून आता डबे काढायचं नाव घेत नाही. निशिगंधाचा धाकटा, तेजस, आला की खेळताना डबे काढतो आणि जाताना बरोबर जागेवर ठेवतो. परवा पुतळाने त्याला पिकलेले टोमॅटो निवडून आणायला सांगितलं, तर त्याने एकेक बोटाने दाबून बघितलं. तिने एक चिंधी फाडली आणि त्याच्या खडूच्या पेटीतल्या लाल खडूला गाठ मारली.

मागच्या जूनचा तो शनिवार तिला रोज आठवतो. वामन जायच्या आधी तीन आठवडे. शाळा सोमवारी उघडायची होती. सकाळी दोघं फाटकापाशी गेले. आता सगळ्या शाळेला माहीत होतं, त्यामुळे पुतळाने डब्यांची झाकणं उघडून तिथल्या कट्ट्यावर सरळ ओळीने ठेवली आणि तिला वाटलं, आता तरी हा म्हणेल, लाल दे. लपवायचं काय उरलंय?

वामनने पिवळा दिला, वाळू दिला, अक्षरं काळ्याने पक्की केली. 'सावकाश'मधला काना एका दमात खाली आणला. मग मागे न बघता हात पसरला.

"गो," तो म्हणाला, "वरचा दे."

कट्ट्यावर सगळे डबे एकाच पातळीत होते. वर-खाली काही नव्हतं. पुतळाने चिंधीची एक गाठ असलेला डबा उचलला आणि त्याच्या हातात दिला, आणि त्याने लाल काठ ओढायला घेतला.